एका जाहिरातीची उलटतपासणी

दिवाळीचे फराळाचे डबे रिकामे झाले, कपाटातले स्वेटर बाहेर आले आणि सकाळी शाळेला जाताना नाकाला बोचरा गारवा जाणवू लागला, की पुण्यात आणखी एक गोष्ट दिसू लागते. हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रांच्या आणि मास्कच्या जाहिराती वर्तमानपत्रात, दुकानांच्या काचांवर आणि रस्त्यावरच्या फलकांवर झळकू लागतात.

अशीच एक जाहिरात आपण कल्पनेने तयार करू. ती अशी : 'पुण्याची हवा विषारी झाली आहे! आमचे यंत्र घरात लावा. 99.97 टक्के शुद्ध हवा! 500 चौरस फुटांच्या खोलीला पुरेसे! दमा पळवा! सोबत एन-95 मास्क, 95 टक्के संरक्षण!'

ज्याच्या घरी धाकट्या भावाला किंवा आजोबांना दम्याचा त्रास आहे, त्याचे मन ही जाहिरात वाचून हलणारच. पैसे मात्र एकदाच खर्च होतात. तेव्हा वकील जशी साक्षीदाराची उलटतपासणी घेतो, तशी आपण या जाहिरातीतील एकेका वाक्याची घेऊ. उद्देश यंत्राला खोटे पाडण्याचा नाही, कारण यंत्र खरोखर काम करते. ते किती करते, कशावर करते आणि केव्हा करत नाही, एवढेच आपल्याला हवे आहे. शेवटी आपण हीच जाहिरात पुन्हा लिहू, पण प्रत्येक शब्द खरा ठेवून.

हिवाळ्यातच का?

पहिले वाक्य हवेबद्दल आहे. पुण्याची हवा हिवाळ्यात खरेच बिघडते का? बिघडते, आणि तुम्ही ती स्वतः पाहू शकता. डिसेंबरातल्या एखाद्या सकाळी सातच्या सुमारास पर्वतीवर किंवा वेताळ टेकडीवर जा. खाली शहरावर करड्या धुराचा एक सपाट थर पसरलेला दिसेल, जणू कोणी घोंगडी पांघरली आहे. कोपऱ्यावरच्या शेकोटीचा धूर थोडा वर चढतो आणि मग आडवा पसरतो. त्याच जागेवरून दुपारी तीन वाजता पाहा. घोंगडी बरीचशी विरलेली असते आणि दूरच्या इमारती स्पष्ट दिसतात.

याचे कारण असे. एरवी जमिनीजवळची हवा गरम असते आणि वर जावे तसतशी ती थंड होत जाते. गरम हवा हलकी असल्याने वर चढते आणि आपल्याबरोबर धूर-धूळ घेऊन जाते. परंतु हिवाळ्यात रात्री आकाश निरभ्र असते, हवा कोरडी असते आणि वारा पडलेला असतो. जमीन आपली उष्णता आकाशाकडे भराभर टाकते आणि गार होते. तिला टेकलेली हवाही गार होते. वरची हवा मात्र तुलनेने ऊबदार राहते. खाली थंड आणि वर उबदार, असा उलटा क्रम झाला, की त्याला तापमानाचे व्युत्क्रमण म्हणतात. खालची थंड हवा जड, म्हणून ती वर चढत नाही. भांड्यावर झाकण ठेवावे तसे होते. वाहनांचा धूर, बांधकामांची धूळ, पेटवलेला कचरा आणि शेकोट्या यांतून निघणारे सारे काही झाकणाखाली साचत जाते. पुणे टेकड्यांनी वेढलेले असल्याने थंड हवा सखल भागात आणखी साठते. ऊन वर आले, जमीन तापली, की झाकण उघडते.

ही स्थिती मोजण्याची सोय पुण्यातच आहे. पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने 'सफर' नावाची हवा-मापन आणि अंदाजाची यंत्रणा उभारली. 2010 साली ती दिल्लीत सुरू झाली आणि 2013 साली पुण्यात. ती ज्या कणांकडे विशेष लक्ष देते, ते म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान व्यासाचे कण. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण 50 ते 70 मायक्रॉन जाड असतो, म्हणजे असे वीस-पंचवीस कण शेजारी शेजारी ठेवले तर केसाची जाडी भरेल. मोठी धूळ नाकातल्या केसांत आणि शेंबडात अडकते. हे बारीक कण थेट फुप्फुसांच्या टोकापर्यंत पोचतात.

आपल्या देशात 2009 साली ठरलेल्या मानकाप्रमाणे अशा कणांचे 24 तासांचे सरासरी प्रमाण दर घनमीटर हवेत 60 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावे. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली याहून कडक, म्हणजे 15 ची मर्यादा सुचवली. हिवाळ्यात पुण्याच्या निरनिराळ्या भागांत 60 ची रेषा अनेकदा ओलांडली जाते. 2019 साली केंद्र सरकारने हवा सुधारण्याचा जो राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, त्यातील मानक न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत पुण्याचे नाव आले. तरीही दिल्लीच्या नोव्हेंबरातील हवेशी पुण्याची तुलना होणार नाही.

तेव्हा 'विषारी' हा शब्द घाबरवतो, पण मोजून काही सांगत नाही. खरे वाक्य असे होईल : 'हिवाळ्यात, विशेषतः सकाळी, पुण्यातील बारीक कणांचे प्रमाण अनेक दिवस मानकापेक्षा जास्त असते. आजचा आकडा पाहून ठरवा.'

चाळणी नव्हे, जंगल

आता '99.97 टक्के' कडे वळू. हा आकडा खोटा नाही, पण तो कशाचा आहे हे समजायला हवे.

यंत्राच्या पोटात एक पंखा आणि घड्या घातलेल्या पांढऱ्या कागदासारखी गाळणी असते. या गाळणीला 'हेपा' म्हणतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत अणुबाँबवर काम चालू असताना किरणोत्सारी धूळ अडवण्यासाठी तिचा विकास झाला. पुष्कळांना वाटते, की ही पिठाच्या चाळणीसारखी असेल : भोके लहान, कण मोठा, म्हणून कण अडकला. तसे नाही. तंतूंमधल्या मोकळ्या जागा कित्येक कणांपेक्षा मोठ्या असतात. ही गाळणी चाळणीपेक्षा दाट जंगलासारखी आहे. जंगलातून धावणाऱ्याला वाट असतेच, पण ती इतकी वळणांची असते, की कुठे ना कुठे तो झाडाला धडकतो. तंतूला एकदा कण टेकला, की तो तेथेच चिकटून बसतो.

मोठे कण जड असतात. हवा तंतूला वळसा घालते, पण कणाला वळणे जमत नाही. वेगात निघालेली सायकल वळणावर सरळ कठड्यावर जावी तसा तो तंतूवर आदळतो. अतिशय लहान कणांची गोष्ट वेगळी. हवेचे रेणू त्यांना सतत इकडून तिकडून ढकलत असतात, म्हणून ते वेडेवाकडे भटकत जातात आणि भटकता भटकता तंतूला चिकटतात. गंमत अशी, की सर्वांत जास्त निसटतात ते मधले, साधारण 0.3 मायक्रॉनचे कण. ते आदळण्याइतके जड नसतात आणि भटकण्याइतके हलकेही नसतात. म्हणूनच गाळणीची परीक्षा याच अवघड आकारावर घेतात. त्या परीक्षेत दहा हजार कणांपैकी तीनच पार गेले, तर 99.97 टक्के गुण मिळाले. त्याहून लहान कण या गाळणीतून सहज जात असतील ही शंका म्हणूनच चुकीची आहे. ते उलट जास्त अडकतात.

पण हे गुण आहेत गाळणीतून एकदा गेलेल्या हवेचे. खोलीतल्या हवेचे नाहीत! जी हवा गाळणीतून गेलीच नाही, तिच्याबद्दल हा आकडा काहीच सांगत नाही. खोलीची हवा किती सुधारेल हे दुसऱ्याच आकड्यावर ठरते : यंत्र दर तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देते. त्याला आपण 'स्वच्छ हवेचा पुरवठा' म्हणू. यंत्राच्या खोक्यावर तो 'सी.ए.डी.आर.' या नावाने लिहिलेला असतो. घेताना हाच आकडा शोधावा.

एका खोलीचे गणित

सदाशिव पेठेतली एखादी खोली घ्या. 12 फूट लांब, 10 फूट रुंद आणि 10 फूट उंच. म्हणजे 1200 घनफूट, सुमारे 34 घनमीटर हवा. बाहेर बारीक कणांचे प्रमाण आहे 90. यंत्र तासाला 200 घनमीटर स्वच्छ हवा देते.

दारे-खिडक्या बंद केल्या तरी फटींतून हवा येत-जात राहते. तासाला खोलीतील निम्मी हवा, म्हणजे 17 घनमीटर, बदलते असे धरू. तर तासाला बाहेरून 17 गुणिले 90, म्हणजे 1530 मायक्रोग्रॅम कण आत येतात. बाहेर पडण्याचे मार्ग दोन : यंत्रातून 200 घनमीटर आणि फटींतून 17 घनमीटर, एकूण 217. येणे आणि जाणे सारखे झाले, की खोलीतले प्रमाण स्थिर होते. 1530 ला 217 ने भागा. उत्तर येते सुमारे 7. बाहेर 90 आणि आत 7! यंत्राने खरोखर चांगले काम केले, आणि खोली लहान असल्याने हा फरक अर्ध्या-पाऊण तासात पडतो.

आता खिडकी उघडा. मोकळ्या खिडकीतून तासाला खोलीची हवा दहा वेळा बदलली, तर 340 घनमीटर हवा आत येईल आणि तिच्याबरोबर 30,600 मायक्रोग्रॅम कण. बाहेर जाणारी हवा 200 अधिक 340, म्हणजे 540. भागाकार करा : सुमारे 57. तेच यंत्र, तीच गाळणी, तेच 99.97, पण आतला आकडा 7 वरून 57 वर गेला. नळ पूर्ण सोडून ठेवावा आणि तांब्याने बादली उपसत बसावे, तसा हा प्रकार.

तिसरी गोष्ट आवाजाची. खोक्यावरचा 200 हा आकडा पंखा पूर्ण वेगात असतानाचा असतो. रात्री तो घोंघावतो, म्हणून घरची माणसे वेग कमी करतात. समजा, हळू वेगावर पुरवठा 60 झाला. मग 1530 भागिले 77, म्हणजे सुमारे 20. वाईट नाही, पण 7 ही नाही.

आणि '500 चौरस फूट'? दहा फूट उंची धरली तर एवढ्या जागेत सुमारे 142 घनमीटर हवा मावते. 200 घनमीटरचे यंत्र ती तासात दीड वेळासुद्धा गाळू शकत नाही. आपल्या छोट्या खोलीत ते तासाला जवळजवळ सहा वेळा गाळत होते. तासाला पाच वेळा तरी हवा गाळली जावी, असा ढोबळ नियम धरला, तर या यंत्राला 140 चौरस फुटांची खोली शोभते. 'पुरेसे' हा शब्द दुकानदार कोणत्या अर्थाने वापरतो, ते विचारायला म्हणूनच लाजू नका.

हे सारे कणांबद्दल झाले. वायू हे रेणू असतात आणि ते हेपा गाळणीतून आरपार जातात. काही यंत्रांत कोळशाची पातळ गाळणी असते. ती वास थोडा कमी करते आणि लवकर संपते. कार्बन मोनॉक्साइड हा वायू ना हेपात अडकतो, ना त्या कोळशात. बंद न्हाणीघरात गॅस गीझर चालवल्याने माणसे दगावतात ती याच वायूमुळे. तेथे यंत्राचा उपयोग शून्य. उघडी खिडकीच प्राण वाचवते. बंद खोलीत माणसांच्या श्वासाचा कार्बन डायऑक्साइडही साचतो, म्हणून दुपारी झाकण उघडल्यावर खिडक्या उघडाव्यात. आणि ज्या घरात रात्रभर डासांची कॉइल जळते, तेथे आधी कॉइल विझवावी. तिच्यातून याच आकाराचे कण मोठ्या प्रमाणात निघतात. मच्छरदाणीला वीज लागत नाही आणि तिची गाळणी बदलावी लागत नाही.

गाळणी भरत आली हे कसे ओळखावे? ती करडी-काळी दिसते. पण खरी खूण म्हणजे यंत्रातून येणारा वारा मंद होतो. यंत्र नवे असताना त्याच्या तोंडाशी कागदाची एक पट्टी धरून ती किती उडते ते पाहून ठेवा. पुढे त्याच वेगावर पट्टी लोंबू लागली, की नवी गाळणी हवी. हेपा गाळणी धुऊन पुन्हा वापरू नये. तिचे तंतू विस्कटतात.

मास्क आणि पुणेरी स्कार्फ

आता मास्क. 'एन-95' मधील 95 म्हणजे तशाच 0.3 मायक्रॉनच्या कणांपैकी किमान 95 टक्के त्याच्या कापडात अडकतात. आपल्या भारतीय मानकात जवळपास याच प्रतीला 'एफ.एफ.पी.-2' म्हणतात आणि तेथे 94 टक्क्यांची अट आहे. इतका पातळ मास्क इतके कण अडवतो, कारण त्याच्या मधल्या थरातील तंतूंवर कायमचा विद्युत्भार दिलेला असतो. प्लास्टिकचा कंगवा केसांवर घासला की कागदाचे कपटे ओढतो, तसे हे तंतू कणांना ओढतात. साबणाने किंवा स्पिरिटने धुतला, की हा भार जातो. मास्क दिसायला स्वच्छ होतो आणि कामातून जातो!

पण हे 95 टक्केसुद्धा कापडाचे आहेत, तुमच्या चेहऱ्याचे नाहीत. समजा, नाकाच्या बाजूला फट राहिली आणि दर श्वासातील पाचवा हिस्सा हवा तेथून आत शिरली. ते 20 टक्के कण जसेच्या तसे आत. उरलेल्या 80 टक्क्यांपैकी कापडातून पाच टक्के निसटले, म्हणजे आणखी 4. एकूण 24 टक्के कण आत गेले. संरक्षण 95 नव्हे, 76. दाढी असेल तर फट आणखी वाढते.

फट आहे का, हे पाहण्याची युक्ती सोपी आहे. नाकावरची पट्टी दोन्ही हातांनी दाबून बसवा. दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडा. गालाला किंवा डोळ्यांना वारा लागला, किंवा चष्म्याच्या काचांवर वाफ धरली, तर मास्क बसलेला नाही. जोरात श्वास घेतल्यावर मास्क किंचित आत ओढला गेला, तर तो नीट बसला असे समजा. आणखी एक गोष्ट तुमच्यासाठी : एन-95 ची ही परीक्षा मोठ्यांच्या चेहऱ्यांसाठी घेतलेली असते. लहान चेहऱ्यावर तो मोठा होतो आणि फट राहते. म्हणून मुलांच्या बाबतीत जाहिरातीतला 95 हा आकडा तसाच धरू नये.

पुण्यात दुचाकीवरून जाणाऱ्या ताई-मावशी तोंडाला स्कार्फ गुंडाळतात. तो उन्हापासून आणि रस्त्यावरच्या जाड धुळीपासून नक्की वाचवतो. पण त्याचे धागे मास्कच्या तंतूंच्या मानाने दोरखंडासारखे जाड आणि विरळ असतात. दाट जंगलाऐवजी ते माळरानावरच्या चार झाडांसारखे. बारीक धूर त्यातून सुखाने जातो. धुराच्या वायूंना तर एन-95 सुद्धा अडवत नाही. ज्यांना दमा किंवा हृदयाचा विकार आहे, त्यांनी मास्क घालण्याबद्दल आधी डॉक्टरांना विचारावे, कारण त्यातून श्वास घ्यायला थोडा जोर लागतो.

राहता राहिले 'दमा पळवा'. यंत्राने खोलीतील कण कमी होतात हे मोजून दाखवता येते. काही रोग्यांना त्याने आराम पडतो, काहींना फारसा फरक पडत नाही. दमा त्याने बरा होत नाही आणि औषधे बंद करता येत नाहीत. हे वाक्य जाहिरातीतून सरळ खोडावे लागेल.

नवी जाहिरात

1974 साली पुण्यातच बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू झाली. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर कारवाई करण्यासाठी केंद्रीय प्राधिकरणाची तरतूद केली. म्हणजे खरे सांगणे हा दुकानदाराचा केवळ चांगुलपणा नाही. शिवाय स्पष्ट बोलण्याच्या बाबतीत पुणेरी पाट्यांची ख्याती आहेच. तेव्हा आपली जाहिरात आपण पाटीसारखीच लिहू :

'हे यंत्र खोलीतील बारीक कण कमी करते. वायू कमी करत नाही. पुरवठा पूर्ण वेगात तासाला 200 घनमीटर; हळू वेगात 60. 140 चौरस फुटांपर्यंतच्या खोलीसाठी. खिडक्या उघड्या ठेवल्यास उपयोग थोडा. गाळणी बदलावी लागते. तिची किंमत आधी विचारा. दमा बरा होत नाही. मास्कचे कापड 95 टक्के कण अडवते. चेहऱ्याला नीट न बसल्यास बरेच कमी. धुऊ नये. घरात कॉइल लावत असाल तर आधी ती बंद करा, मग दुकानात या.'

ही जाहिरात वाचून कदाचित कमी लोक दुकानात येतील. पण जे येतील त्यांना काय घ्यायचे ते ठाऊक असेल आणि घरी गेल्यावर ते फसल्यासारखे वाटून घेणार नाहीत. आता तुमचे काम. आपल्या घरातील खोलीची लांबी, रुंदी, उंची मोजा. बाहेर 120 प्रमाण आहे असे धरा आणि वरच्याप्रमाणे गणित मांडून पाहा, की आतले प्रमाण 15 पर्यंत आणायला तुमच्या खोलीला तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा लागेल. आलेला आकडा वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी जाहिरात दिसली, की तिच्यातला आकडा त्याच्याशेजारी लिहून पाहा.